हँकेल मॅट्रिक्सची रँक दर वेळी पूर्णच येते: ऑर्डर किती धरायची?

तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "सर, मॅट्रिक्स तीन बाय तीन केली की रँक तीन, दहा बाय दहा केली की रँक दहा. मग सिस्टिमची ऑर्डर नक्की किती?" कधी ती पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट ग्रुपकडून येते, कधी भोसरी-चाकण पट्ट्यात काम करणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांकडून. पुस्तकातलं उदाहरण त्यांना व्यवस्थित सुटलेलं असतं. स्वतःचा डेटा घातला की मात्र गाडी अडते. कारणं तीन-चारच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. ती खूण ओळखता आली की दुरुस्तीला वेळ लागत नाही.

आधी पद्धत थोडक्यात. डिस्क्रीट सिस्टिमला शून्याव्या क्षणी एकक पल्स दिला आणि आउटपुटचे नमुने h0, h1, h2 असे घेतले. स्टेट-स्पेस मॉडेलमध्ये h0 म्हणजे D, आणि पुढचा प्रत्येक नमुना h(k) = C·A^(k-1)·B. h1 पासूनचे नमुने अशा मॅट्रिक्समध्ये मांडायचे की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर पुढे सरकलेली असेल. ही हँकेल मॅट्रिक्स. ती पुरेशी मोठी असेल तर तिची रँक म्हणजेच सर्वांत लहान शक्य मॉडेलची, म्हणजे मिनिमल रिअलायझेशनची ऑर्डर. या रँकमागचं गणित क्रोनेकरने १८८१ मध्ये मांडलं होतं. त्यावरून A, B, C प्रत्यक्ष काढण्याची रीत हो आणि कालमान यांनी १९६६ मध्ये दिली.

आता हातानं तपासता येईल असं एक उदाहरण घेऊ. एका छोट्या ओव्हनचा विचार करा: हीटरची कॉइल एक उष्णता साठवते, आतली हवा दुसरी. म्हणजे दोन स्टेट अपेक्षित. आकडे मी मुद्दाम सोपे ठेवले आहेत, पोल ०.८ आणि ०.५ वर आहेत, आणि नमुने असे:

```
h0 = 0
h1 = 1        h2 = 1.1      h3 = 1.03
h4 = 0.899    h5 = 0.7567   h6 = 0.62411
```

प्रत्येक नमुना आधीच्या दोघांवरून येतो: आधीच्याची १.३ पट घ्या, त्याच्या आधीच्याची ०.४ पट वजा करा. १.३ × १.१ − ०.४ × १ = १.०३. म्हणून तीन बाय तीन मॅट्रिक्सची तिसरी ओळ वरच्या दोन ओळींतूनच तयार होते, तिच्यात नवीन माहिती काही नसते. रँक दोन.

```
1      1.1    1.03
1.1    1.03   0.899
1.03   0.899  0.7567
```

रिअलायझेशनही इथे सरळ निघतं. वरची दोन बाय दोन मॅट्रिक्स H घ्या, एक नमुना पुढे सरकवलेली H1 घ्या, आणि A = H1·H⁻¹ करा. B म्हणजे H चा पहिला स्तंभ, C म्हणजे [1 0].

```
A = [ 0     1  ]    B = [ 1   ]    C = [1  0]    D = 0
    [-0.4   1.3]        [ 1.1 ]
```

A चे आयगेनव्हॅल्यू ०.८ आणि ०.५. सगळं जागच्या जागी बसलं. मग तुमच्या डेटावर हे का होत नाही?

पहिली तपासणी: मॅट्रिक्स खरंच हँकेल आहे का?

रँकचा विचार करण्याआधी मॅट्रिक्स स्क्रीनवर छापून डोळ्यांनी बघा. माझा आग्रह आहे की हे काम कुणीही टाळू नये, कारण सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक इथेच लपते. MATLAB मध्ये आणि SciPy मध्येही `hankel` ला एकच यादी दिली तर तिरप्या कर्णाच्या खालची सगळी घरं ते शून्यांनी भरतं. `hankel([1, 1.1, 1.03])` लिहिलं की मिळतं ते असं:

```
1      1.1    1.03
1.1    1.03   0
1.03   0      0
```

याचा डिटरमिनंट −(१.०३)³, म्हणजे साधारण −१.०९. तिरप्या कर्णावर शेवटचा नमुना आहे आणि तो शून्य नसेल तोवर ही मॅट्रिक्स कितीही मोठी केली तरी रँक पूर्णच येणार. प्रोग्रॅमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही त्याला सांगितलंत की तिसऱ्या नमुन्यानंतर रिस्पॉन्स एकदम शून्य होतो, आणि तशा सिस्टिमला खरोखरच तीन स्टेट लागतात. खूण अशी की टॉलरन्स वाढवूनही रँक उतरत नाही. दुरुस्ती म्हणजे फंक्शनला दोन याद्या द्यायच्या: पहिला स्तंभ आणि शेवटची ओळ. N बाय N मॅट्रिक्सला २N−१ नमुने लागतात आणि सरकवलेली मॅट्रिक्सही हवी असल्यामुळे एकूण २N.

```python
import numpy as np
from scipy.linalg import hankel

h = np.array([0, 1, 1.10, 1.03, 0.90, 0.76, 0.62])
D, m = h[0], h[1:]
N = 3
H0 = hankel(m[:N],    m[N-1:2*N-1])
H1 = hankel(m[1:N+1], m[N:2*N])
print(H0)
```

रिस्पॉन्स पुरता विरण्याआधी रेकॉर्डिंग थांबवून पुढे शून्यं जोडली तरी हाच प्रकार घडतो, फक्त तो पटकन दिसत नाही. नमुने कमी असतील तर मॅट्रिक्स लहान करा, शून्यांची भर घालू नका.

दुसरी तपासणी: रँक नेमकी एकनेच जास्त येते आहे का?

अपेक्षा दोनची आणि येतात तीन, मॅट्रिक्स मोठी केली तरी तीनच. हे पूर्ण रँकचं दुखणं नाही. इथे डेटात खरोखर एक जादा स्टेट शिरली आहे. ती कुठून आली हे जादा पोलच सांगतो, म्हणून ऑर्डर तीन धरून एकदा A काढा आणि आयगेनव्हॅल्यू बघा.

जादा पोल शून्यावर असेल तर h0 मॅट्रिक्समध्ये शिरला आहे. आपल्याच उदाहरणात यादी ०, १, १.१ अशी सुरू केली तर तीन बाय तीनचा डिटरमिनंट ०.०३६ येतो, शून्य येत नाही. h0 चं घर D मध्ये आहे, मॅट्रिक्समध्ये नाही. इथे रँकवर विसंबूनही भागत नाही: याच सिस्टिमचा h0 जर ०.५ असता तर तो त्याच सूत्रात चपखल बसला असता आणि रँक दोनच राहिली असती, पण मॉडेलचा रिस्पॉन्स एक नमुना उशिरा आला असता. त्यामुळे मॉडेल झालं की C·B हा गुणाकार h1 एवढा येतो ना, हे लगेच पाहा. सिस्टिममध्ये खरोखरचा उशीर असेल, समजा गरम हवा पाइपातून सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तर शून्यावरचे पोल खरेच आहेत आणि जितक्या नमुन्यांचा उशीर तितके ते येतील. अशा वेळी सुरुवातीचे ते नमुने वेगळे काढून उशीर बाजूला नोंदवावा आणि उरलेल्यावर काम करावं, मॅट्रिक्स सुटसुटीत राहते.

जादा पोल एकच्या अगदी जवळ असेल तर सेन्सरचा ऑफसेट वजा करायचा राहिला आहे. न बदलणारा आकडा म्हणजे एकवरचा पोल, आणि हँकेल मॅट्रिक्स त्याला प्रामाणिकपणे एक स्टेट देते. पल्स देण्याआधीचे काही नमुने रेकॉर्ड केलेले असतील तर त्यांची सरासरी काढून सगळ्यांतून वजा करा. ओव्हनसारख्या गोष्टीत हा ऑफसेट म्हणजे खोलीचं तापमान असतं. एप्रिलमधल्या पुण्यात सकाळी घेतलेलं रीडिंग आणि दुपारी घेतलेलं रीडिंग यांना एकच ऑफसेट लावून चालत नाही, प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा काढावा लागतो.

तिसरी तपासणी: आकडे किती दशांशांपर्यंत खरे आहेत?

मॅट्रिक्स बरोबर, h0 बाहेर, ऑफसेट काढलेला, तरीही रँक पूर्णच. आता खरं कारण आलं. भोसरीहून आलेल्या एका फाईलमध्ये लॉगर प्रत्येक वाचन दोन दशांशांवर गोल करून CSV मध्ये लिहीत होता. आपल्या नमुन्यांचं तसंच करू: १.००, १.१०, १.०३, ०.९०, ०.७६, ०.६२. डोळ्यांना काहीच बिघडलेलं दिसत नाही. डिटरमिनंट मात्र आता शून्य नाही, −०.०००१२७ आहे. गणिताच्या काटेकोर अर्थाने रँक तीन झाली.

`rank` किंवा `matrix_rank` इथे मदत करत नाहीत, कारण त्यांचा मूळचा टॉलरन्स संगणकाच्या स्वतःच्या गोलाईपुरता असतो, या मॅट्रिक्ससाठी १०⁻१५ च्या आसपास. त्यांना तुमच्या लॉगरबद्दल काहीच माहिती नाही. म्हणून रँक मोजण्याऐवजी सिंग्युलर व्हॅल्यू बघायच्या. गोल केलेल्या मॅट्रिक्सच्या तीन व्हॅल्यू येतात साधारण २.९६, ०.१७ आणि ०.०००२५. दुसरीवरून तिसरीवर येताना जवळजवळ सातशे पटींची दरी आहे.

दरी दिसते हे ठीक, पण फक्त नजरेवर निर्णय सोडू नये. रेघ कुठे मारायची याला आधार आहे. प्रत्येक नमुन्यात जास्तीत जास्त ε एवढी चूक असेल, तर N बाय N मॅट्रिक्समधल्या चुकीमुळे कोणतीही सिंग्युलर व्हॅल्यू Nε पेक्षा जास्त हलू शकत नाही. दोन दशांशांवर गोल केलं तर ε = ०.००५, N = ३, म्हणजे सीमा ०.०१५. आता वाचा: ०.१७ ही सीमेच्या अकरा पट वर आहे, ती निव्वळ गोलाईतून येऊच शकत नाही, म्हणून ती स्टेट खरी. ०.०००२५ सीमेच्या कितीतरी खाली आहे, तिच्यात आणि शून्यात फरक करायला हा डेटा समर्थ नाही. ऑर्डर दोन. `np.linalg.matrix_rank(H0, tol=0.015)` किंवा MATLAB मध्ये `rank(H0, 0.015)` आता बिनचूक दोन सांगतात.

सेन्सरचा नॉइज यादृच्छिक असेल तर Nε ही सीमा फार सावध ठरते. तिथे चुकीचा परिणाम साधारण √N च्या हिशेबाने वाढतो, हँकेल मॅट्रिक्समध्ये एकच नमुना अनेक घरांत येत असल्यामुळे त्याहून थोडा जास्त. पल्सच्या आधी रेकॉर्ड केलेल्या नुसत्या नॉइजची त्याच आकाराची हँकेल मॅट्रिक्स बनवून तिची सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू काढावी, हा मला सूत्रापेक्षा जास्त भरवशाचा मार्ग वाटतो. मात्र ऑफसेट काढल्यानंतरच, नाहीतर सीमा उगाच फुगते.

ऑर्डर तीनच ठेवली तर काय बिघडतं?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. एक स्टेट जास्त असली तर मॉडेल थोडं मोठं होईल, एवढंच ना? एवढंच नाही. तीन बाय तीनची सरकवलेली मॅट्रिक्स घेऊन वरच्याच रीतीने A काढा. त्यासाठी त्या ०.०००१२७ ने भागावं लागतं, म्हणजे गोलाईतली चूक हजारो पटींनी फुगते. शेवटची ओळ येते साधारण −५.६९, १८.३०, −१३.१५. पोल येतात ०.८ च्या जवळ, ०.४९ च्या जवळ, आणि तिसरा −१४.४ वर. थंड होत जाणाऱ्या ओव्हनचं मॉडेल अस्थिर झालं.

आणि फसगत अशी की हे मॉडेल h1 ते h6 हे सहाही नमुने तंतोतंत परत देतं, कारण त्या सहांवरूनच ते बांधलं आहे. आलेख एकमेकांवर अचूक बसतात, रिपोर्टमध्ये छान दिसतात. पुढचे तीन नमुने काढले की खरं बाहेर येतं:

```
          खरे नमुने    ऑर्डर 2     ऑर्डर 3
h7        0.509        0.514       0.638
h8        0.412        0.418      -1.366
h9        0.332        0.339      26.11
```

ऑर्डर दोनचा स्तंभ त्याच गोल केलेल्या पहिल्या चार नमुन्यांवरून काढला आहे. त्याचे पोल ०.८०५ आणि ०.४८९ आले, म्हणजे गोलाईची झळ त्यालाही लागली, पण ती शेवटपर्यंत ०.०१ च्या आत राहिली. म्हणून मॉडेल बांधायला जे नमुने वापरले त्यांच्यावर ते तपासू नका. रेकॉर्डिंगचा शेवटचा भाग पहिल्यापासूनच बाजूला ठेवा.

ऑर्डर ठरल्यावर A, B, C

चार नमुन्यांचं मॉडेल हाताने करायला बरं, पण प्रत्यक्षात नमुने जास्त असतात आणि ते सगळे कामाला लावायला हवेत. मोठ्या मॅट्रिक्सचं SVD करून वरच्या r सिंग्युलर व्हॅल्यू ठेवायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या, हा मार्ग कुंग यांनी १९७८ मध्ये दाखवला. व्हायब्रेशनच्या कामात जुआंग आणि पापा यांची १९८५ ची जी ERA पद्धत वापरतात तीही याच कुळातली. वरच्या कोडला जोडून:

```python
U, s, Vt = np.linalg.svd(H0)
print(s)
r = 2
q = np.sqrt(s[:r])
A = (U[:, :r] / q).T @ H1 @ (Vt[:r].T / q)
B = (q[:, None] * Vt[:r])[:, :1]
C = (U[:, :r] * q)[:1, :]
print(np.linalg.eigvals(A), C @ B)
```

इथे आलेली A वरच्या हाताने काढलेल्या A सारखी दिसणार नाही आणि "उत्तर जुळत नाही" म्हणून पुन्हा एक प्रश्न येतो. स्टेटचे अक्ष वेगळे निवडले की A, B, C बदलतात. पोल आणि C·A^(k-1)·B या गोष्टी बदलत नाहीत. तुलना त्यांचीच करा. नॉइज असलेल्या डेटात त्याही थोड्या हलतील, कारण दोन रीतींनी वापरलेले नमुने वेगळे आहेत.

N किती घ्यावा? अपेक्षित ऑर्डरपेक्षा लहान N घेतला तर रँक पूर्ण येणं रास्तच आहे, मॅट्रिक्सला त्याहून जास्त सांगायला जागाच नाही. म्हणून N वाढवत न्या आणि सीमेच्या वर किती व्हॅल्यू राहतात ते बघा. हा आकडा दोन-तीन आकारांत स्थिर राहिला की तो धरा. पण रिस्पॉन्स विरून नॉइजच्या पातळीला आल्यावरही N वाढवत राहिलात, तर खऱ्या व्हॅल्यू तिथल्या तिथे राहतात आणि नॉइजच्या तेवढ्या वाढतात. आपल्या ओव्हनचा रिस्पॉन्स विसाव्या नमुन्याला ०.०३ च्या खाली जातो. दोन दशांशांच्या डेटात त्याच्या फार पुढे जाण्यात अर्थ नाही.

दरीच दिसत नसेल तर

असंही होतं. समजा लॉगरने एकाच दशांशापर्यंत आकडे दिले असते. मग ε = ०.०५, सीमा ०.१५, आणि आपली दुसरी खरी व्हॅल्यू ०.१७ च्या आसपास. ती सीमेला जवळजवळ टेकलीच. या डेटावरून ऑर्डर एक की दोन हे छातीठोकपणे सांगता येणार नाही आणि कुठलाही टॉलरन्स ते सांगू शकणार नाही. सॅम्पलिंग गरजेपेक्षा फार जलद ठेवलं तरी हीच अडचण होते: दोन्ही पोल एकच्या जवळ सरकतात, एकमेकांनाही चिकटतात, शेजारच्या ओळी जवळजवळ सारख्या दिसू लागतात आणि दुसरी व्हॅल्यू नॉइजमध्ये बुडते. त्यावर एक सोपा उपाय आहे. तोच डेटा दर तिसरा किंवा पाचवा नमुना घेऊन मॅट्रिक्समध्ये मांडून पाहा, दरी पुष्कळदा उघडते. फक्त मग येणारे पोल नव्या सॅम्पल टाइमचे असतात हे लक्षात ठेवा.

तरीही दरी उघडली नाही तर प्रयोग पुन्हा करावा लागेल. लॉगरची फॉरमॅट सेटिंग बदलून चार दशांश मिळत असतील तर तो सर्वांत स्वस्त मार्ग, आधी तोच बघा. सिस्टिम रेषीय राहील इथपर्यंत पल्स मोठा करा: पल्स दुप्पट केला की त्या मानाने चूक निम्मी होते. नॉइज यादृच्छिक असेल तर तोच पल्स चार वेळा देऊन सरासरी घेतली तरी नॉइज निम्मा होतो, पण निव्वळ गोलाईची चूक अशी सरासरीने जाईलच असं नाही, कारण चारही वेळा ती त्याच बाजूला पडू शकते. पल्स देणं शक्यच नसेल आणि स्टेप रिस्पॉन्सवरून लगतच्या नमुन्यांची वजाबाकी करून h काढत असाल, तर ε दुप्पट धरून सीमा नव्याने काढा.